‘अचानक खूप गढूळ झाले’च्या जागी काय लिहावं?

वाचकाचं पत्र

‘मी एका नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर कनिष्ठ अभियंता आहे. जुलैमध्ये एका सकाळी शहरात गढूळ पाणी गेलं. त्याचा अहवाल मी लिहिला, तो असा: “दि. ९ जुलै रोजी पहाटे नदीचे पाणी अचानक खूप गढूळ झाले. त्यामुळे साहजिकच फिल्टरवर प्रचंड ताण आला व शहराच्या काही भागांत अत्यंत गढूळ पाणीपुरवठा झाला. नागरिकांच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी आल्या. तात्काळ तुरटीची मात्रा वाढवून परिस्थिती लवकरच पूर्णपणे नियंत्रणात आणण्यात आली.”

वरिष्ठांनी अचानक, साहजिकच, खूप, अत्यंत या शब्दांभोवती लाल गोल काढून अहवाल परत पाठवला. समासात “केव्हा? किती? कशावरून?” एवढंच. हे शब्द काढले तर अहवाल कोरडा होतो आणि परिस्थिती किती गंभीर होती हे कळतच नाही, असं मला वाटतं. शिवाय रात्रपाळीचा ऑपरेटर चांगला माणूस आहे, त्याच्यावर बालंट येऊ नये हाही विचार होता. या शब्दांऐवजी कोणते शब्द वापरू? सोबत लॉगशीट, जार टेस्टची वही आणि तक्रार नोंदवहीचे फोटो पाठवते आहे.’

उत्तर

नमस्कार.

फोटो पाठवलेत ते फार उपयोगी पडलं. मी आधी तुमचा परिच्छेद वाचला आणि मग लॉगशीट उघडली. दोन्हींत एकाच रात्रीची हकीकत आहे हे तारीख बघूनच पटलं. परिच्छेदात नदीने घात केला आहे. लॉगशीटमध्ये मात्र सहा-आठ तास हळूहळू घडत गेलेली गोष्ट आहे, आणि तुमच्या अहवालापेक्षा ती जास्त गंभीर आहे.

तुम्ही बदली शब्द मागितलेत. सुरुवातीलाच सांगते, ‘खूप’च्या जागी ‘अतिशय’, ‘अतिशय’च्या जागी ‘लक्षणीय’ अशी यादी मी देणार नाही. ‘लक्षणीय’ हा शिकल्यासवरल्या माणसाचा ‘खूप’ आहे, त्याने एकही आकडा वाढत नाही. तुमच्या परिच्छेदातल्या प्रत्येक शब्दाच्या जागी काय यायला हवं ते तुमच्याच कागदांत लिहिलेलं आहे. एकेक काढून बघू.

अचानक

नदीकडून येणाऱ्या पाण्याची गढूळता तुमच्याकडे दर चार तासांनी मोजतात. ८ जुलैला रात्री १० वाजता ती ४६ एनटीयू, म्हणजे गढूळतेच्या एककात ४६, होती. रात्री २ वाजता ११८. सकाळी ६ वाजता ६४०. आता या तीन आकड्यांकडे बघून सांगा, ‘अचानक’ नेमकं कधी झालं?

दहा ते दोन या वेळात गढूळता अडीचपट झाली होती. म्हणजे वाढ दोन वाजताच दिसत होती आणि ती ऑपरेटरने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. दोन ते सहा या वेळात ती ११८ वरून ६४० वर गेली, पण सरळ चढत गेली, की पाच वाजता लोंढा आला, हे कोणालाच माहीत नाही, कारण मधे वाचनच नाही. पाणी अचानक गढूळ झालं असं तुम्ही लिहिलंत. खरं तर ते सहा वाजता कुणाच्या तरी *लक्षात आलं*. पावसाळ्यात नदीचा चढ काही तासांत होऊ शकतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणूनच तो चार तासांच्या अंतरात लपू शकतो.

‘अचानक’च्या जागी तीन गोष्टी येतात: आधीची नोंद, नंतरची नोंद आणि दोन्हींमधलं अंतर. ‘रात्री २:०० वाजता ११८ एनटीयू, सकाळी ६:०० वाजता ६४० एनटीयू; दरम्यान वाचन घेतलेले नाही.’ शेवटचे चार शब्द लिहायला जड जातात हे मला कळतं. पण तुमच्या अख्ख्या अहवालात पुढच्या पावसाळ्यासाठी सर्वांत उपयोगी चार शब्द तेच आहेत. ‘अचानक’ वाचून वरिष्ठ काय करणार? नदीला नोटीस पाठवता येत नाही. ‘दरम्यान वाचन नाही’ वाचून ते दर तासाला वाचन घेण्याचा आदेश काढू शकतात, रात्री दुसरा माणूस देऊ शकतात, किंवा सतत मोजणारा मीटर मागू शकतात.

याच जागी तुमच्या कागदांत आणखी एक गोष्ट सापडली, ती अहवालात यायलाच हवी. पहिली तक्रार ६:१० ची आहे, टेकडीवरच्या टाकीखालच्या भागातून. पंपाच्या नोंदीप्रमाणे ती टाकी पहाटे ३:३० ते ५:१५ या वेळात भरली. बाजाराची टाकी त्याआधी, १२:३० ते ३:०० या वेळात भरली होती आणि त्या भागातून तक्रारी अगदी तुरळक आहेत. म्हणजे ६:१० ला नळाला आलेलं गढूळ पाणी ५:१५ च्या आत फिल्टरमधून बाहेर पडलेलं होतं. दोनच्या वाचनात फिल्टरनंतरची गढूळता १.६ एनटीयू होती. तेव्हा फिल्टरनंतरचं पाणी बिघडलं ते २:०० ते ५:१५ च्या दरम्यान, सहा वाजता नव्हे. लॉगशीटमधली चार तासांची पोकळी तक्रार वहीने आणि पंपाच्या नोंदीने पाऊण तासाने का होईना कमी केली. ‘अचानक’ लिहिलं की हा शोध घ्यायचं कुणाला सुचतच नाही.

मग हा शब्द कधीच वापरू नये का? वीज ३:१२ ला गेली, तर ‘३:१२ वाजता वीजपुरवठा खंडित झाला’ हे पुरतं, त्यात अचानकपणा आलाच. आणि ऑपरेटरने जबाबात ‘एकदम मोठा आवाज आला’ असं म्हटलं असेल, तर ते त्याचे शब्द म्हणून अवतरणात जसेच्या तसे ठेवा. साक्षीदाराचे शब्द सुधारायचे नसतात. तुमच्या स्वतःच्या वाक्यात मात्र घड्याळ असू द्या.

साहजिकच

हा शब्द, आणि त्याची भावंडं अर्थातच, उघडच, निश्चितच, ही ‘खूप’पेक्षा जास्त धोकादायक आहेत. ‘खूप’ निदान मोघम आहे हे दिसतं. ‘साहजिकच’ कारण सिद्ध झाल्याचा आव आणतो आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच वाटायला लावतो.

‘पाणी गढूळ झाले, त्यामुळे साहजिकच फिल्टरवर ताण आला.’ पण केंद्र असतंच गढूळ पाण्यासाठी. तुरटीने गाळाच्या गाठी होतात, क्लॅरिफ्लॉक्युलेटरमध्ये त्या खाली बसतात, उरलेलं फिल्टरची वाळू धरते. येणारं पाणी ६४० एनटीयू असूनही बाहेर १ च्या आत देणारी केंद्रं आहेत. तेव्हा गढूळ नदी आणि गढूळ नळ यांच्यामध्ये काहीतरी सुटलं, आणि ‘साहजिकच’ नेमका त्याच दुव्यावर बसला आहे.

तुमच्या नोंदी बघून मला निदान दोन शक्यता दिसतात. पहिली, तुरटीची मात्रा. रात्री १० पासून सकाळी ७:३० पर्यंत ती २५ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी एकच आहे. नदीचं पाणी ४६ वरून ६४० वर गेलं तरी मात्रा तीच. दुसरी, फिल्टर स्वतःच. वाळूच्या तीन नंबरच्या बेडचा शेवटचा बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने धुणं, ८ तारखेला सकाळी १० चा आहे. सकाळी सहापर्यंत त्याला २० तास झाले होते, आणि वाळूतून जाताना पाण्याचा दाब किती घटतो त्याची, म्हणजे हेडलॉसची, त्या रात्रीची नोंद रिकामी आहे. बेड भरला असेल तर तोही गाळ पुढे सोडू शकतो.

या दोनांपैकी पहिलीसाठी तुमच्याकडे पुरावा आहे, तोही प्रयोगाचा. तुम्ही सकाळी ६:३५ ला जार टेस्ट लावलीत. सहा भांड्यांत २० ते ७० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा. तुमच्या वहीत लिहिलं आहे की ३० च्या भांड्यात अर्ध्या तासाच्या निवळणीनंतरही पाणी गढूळच होतं, ६० च्या भांड्यात गाठी तळाशी बसल्या आणि वरचं पाणी ३ एनटीयू भरलं. याचा अर्थ असा, की त्या पाण्याला २५ ची मात्रा पुरणारच नव्हती. हे तुम्ही करून पाहिलं आहे! असं असताना ‘साहजिकच’ लिहून तुम्ही स्वतःचाच प्रयोग झाकून टाकलात, हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या शक्यतेसाठी प्रत्येक बेडच्या बाहेरचा नमुना वेगळा मोजायला हवा होता. एकाच बेडचं पाणी वाईट निघालं असतं तर दोष बेडचा, सगळ्यांचं सारखंच वाईट निघालं असतं तर दोष आधीच्या टप्प्याचा. तो नमुना घेतला गेला नाही. तसंच लिहा: ‘बेडनिहाय नमुने घेतलेले नसल्याने बेड क्र. ३ चा वाटा तपासता आला नाही.’

तेव्हा ‘साहजिकच’च्या जागी आधार लिहायचा. तो तीन प्रकारचा असतो आणि वाक्याच्या शेवटातून तो दाखवता येतो. स्वतः पाहिलं किंवा मोजलं असेल तर ‘आढळले’, सोबत कुठे आणि केव्हा. नोंदी जोडून काढलं असेल तर ‘या नोंदीवरून असे दिसते’, आणि कोणत्या नोंदी ते. तपासलंच नसेल तर ‘तपासलेले नाही’. मराठीत ‘असावे’ हा फार सोयीचा शब्द आहे, पण अहवालात तो एकटा सोडू नका. ‘मात्रा अपुरी पडली असावी’ एवढ्यावर थांबलात तर समासात पुन्हा ‘कशावरून?’ येईल. ‘जार टेस्टवरून (वही, ९ जुलै, ६:३५) मात्रा अपुरी असल्याचे दिसते’ म्हटलं की प्रश्न उरत नाही.

आणि तो छोटा ‘च’. ‘झालेच’, ‘नव्हतेच’, ‘पूर्णतःच’. बोलताना तो गोड लागतो. अहवाल लिहून झाल्यावर फक्त ‘च’ शोधत एकदा वाचा. जिथे जिथे तो आहे तिथे बहुधा तुम्ही पुरावा देण्याऐवजी आवाज चढवलेला असतो.

खूप, अत्यंत, प्रचंड

यांच्या जागी आकडा हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण नुसता आकडाही पुरत नाही. ‘फिल्टरनंतरची गढूळता ७.८ एनटीयू’ हे तुम्हाला कळेल, नगराध्यक्षांना कळणार नाही. आकड्याशेजारी ज्याच्याशी तो ताडून बघायचा ते माप ठेवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) गढूळतेची स्वीकारार्ह मर्यादा १ एनटीयू आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे ‘६:०० वाजता ७.८ एनटीयू (कमाल अनुज्ञेय मर्यादा ५)’ एवढ्या जागेत ‘अत्यंत’चं काम पूर्ण होतं, आणि उद्या कुणी ‘आमच्याकडे तर अत्यंतहून अत्यंत होतं’ असं म्हणू शकत नाही.

मोजायचं साधन नसेल तर? नळाशी उभ्या असलेल्या फिटरकडे मीटर नसतो. तेव्हा दुसऱ्या कुणालाही तसंच करून बघता येईल असं निरीक्षण लिहावं. ‘पाणी खूप घाण होते’ याऐवजी ‘एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरले असता मागे धरलेला वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला नाही, दहा मिनिटांनी तळाशी तपकिरी गाळ बसला’. यात एकही आकडा एनटीयूचा नाही, तरी वाचणाऱ्याला पाणी दिसतं.

आकड्यांच्या बाबतीत उलटी चूकही होते. शब्दांवर टीका झाली की माणसं जे मोजलं नाही त्यालाही आकडा चिकटवतात. ‘सुमारे’ हा प्रामाणिक शब्द आहे, तो ठेवा. ‘सुमारे ४०० घरे’ लिहिताना मात्र हा अंदाज कशाचा ते सांगा: त्या टाकीवरच्या नळजोडण्यांच्या नोंदीवरून, की फिटरच्या सांगण्यावरून.

‘मोठ्या प्रमाणावर तक्रारी’ यात वेगळं काही सांगण्यासारखं नाही. तुमच्या वहीत ६:१० ते ९:०० या वेळात २३ नोंदी आहेत, त्यांतल्या १७ टेकडीच्या टाकीखालच्या. तेच लिहा. ही विभागणी किती कामाची आहे ते वर आपण पाहिलंच.

तात्काळ आणि लवकरच

लाल गोल या शब्दांवर नव्हते, पण मी असते तर काढले असते. सहाला वाचन, ६:२५ ला तुम्हाला फोन, ६:३५ ला जार टेस्ट सुरू, ६:५० ला टेकडीच्या टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद, ७:३० ला मात्रा ६० केली. वाचनापासून मात्रा बदलेपर्यंत दीड तास. चौकशीत कुणी ‘तात्काळ’ आणि ‘दीड तास’ हे दोन शब्द शेजारी ठेवले तर तुम्ही काहीतरी लपवलंत असं वाटेल. त्या दीड तासातली जवळपास पन्नास मिनिटं जार टेस्टची आहेत. ढवळणं, गाठी होऊ देणं, निवळू देणं याला तेवढा वेळ लागतोच, आणि अंदाजाने तुरटी ओतण्यापेक्षा ते थांबणं योग्य होतं. वेळा लिहिल्या तर तुमचं काम दिसतं. ‘तात्काळ’ लिहिलं तर तेच खोटं पडतं.

‘लवकरच पूर्णपणे नियंत्रणात’ यातही तसंच. मात्रा ७:३० ला वाढवली. आठला फिल्टरनंतरचं पाणी ९.२, म्हणजे आधीपेक्षाही वाईट. दहाला ४.१ आणि बाराला १.३. हे असंच व्हायला हवं होतं, कारण क्लॅरिफ्लॉक्युलेटरमध्ये पाणी अडीच तासांच्या आसपास राहतं, त्यामुळे नव्या मात्रेचा गुण दहाच्या सुमारास दिसू लागणार. आठचा ९.२ हा आकडा गाळू नका. तो लिहून पुढे हे एक वाक्य कारण म्हणून द्या. आणि बाराला १.३ म्हणजे स्वीकारार्ह मर्यादेच्या थोडं वर, ‘पूर्णपणे’ नव्हे. १ च्या आत केव्हा आलं ते दुपारच्या पाळीच्या लॉगशीटवर असेल. तो फोटो तुम्ही पाठवलेला नाही, तेवढं बघून घ्या.

गंभीरपणा कुठे गेला?

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते. हे शब्द काढले तर गंभीरपणा कळत नाही, असं तुम्हाला वाटतं. तुमच्या लॉगशीटच्या शेवटच्या रकान्यात सकाळी ६ वाजता टेकडीच्या टाकीवरचं शिल्लक क्लोरीन ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर असं लिहिलं आहे. मानकाप्रमाणे ते किमान ०.२ हवं. तुमच्या अहवालात क्लोरीनचा उल्लेखच नाही.

त्या सकाळची सर्वांत गंभीर गोष्ट हीच होती. गढूळ पाणी डोळ्यांना दिसतं, लोक ते ओतून देतात. पण गढूळता वाढली की क्लोरीन त्या गाळावर खर्ची पडतं, गाळाच्या कणांआड जंतूंना आडोसा मिळतो, आणि निर्जंतुकीकरण अपुरं राहतं. दुपारपर्यंत निवळलेलं दिसणारं साठवलेलं पाणीही म्हणून संशयास्पद ठरतं. आरोग्य विभागाला त्या दिवशी कळवायला हवं होतं, पाणी उकळून प्यायची सूचना द्यायला हवी होती. ती दिली असेल तर वेळेसह लिहा. नसेल तर तसं लिहा, आणि अजूनही त्या भागातल्या दवाखान्यांत त्या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण वाढले का याची विचारणा करायला सांगा.

‘प्रचंड’, ‘अत्यंत’ ही विशेषणं तुम्ही गढूळपणावर खर्च केलीत आणि क्लोरीन राहून गेलं. हे तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असं मला वाटत नाही. जोरकस शब्द लिहिले की ‘गंभीरपणा सांगून झाला’ असं लिहिणाऱ्यालाच वाटू लागतं आणि रकाना बघायचा राहतो. म्हणून माझी सूचना: एकही विशेषण न घालता पहिला खर्डा लिहा, आणि मग प्रत्येक रकान्याचा आकडा मर्यादेशी ताडून बघा. जो आकडा मर्यादेबाहेर, तो पहिल्या दोन वाक्यांत.

ऑपरेटरचं काय?

तुमची ही काळजी मला मनापासून आवडली, पण ‘अचानक’ त्याला वाचवत नाही. चौकशी झालीच तर पहिली लॉगशीटच मागवतात, आणि तिथे दोनचा ११८ आणि न बदललेली मात्रा समोर येते. मग अहवाल लपवाछपवीचा ठरतो आणि दोघंही अडचणीत येतात. त्याला खरा आधार नेमक्या वाक्यांचा आहे. रात्री वाचन चार तासांनीच घ्यायचं असा नियम होता का? असेल तर त्याने नियम पाळला. मात्रा बदलायचा अधिकार ऑपरेटरला होता, की जार टेस्टशिवाय आणि अभियंत्याशिवाय बदलू नये अशी पद्धत होती? गढूळता कितीला गेली की फोन करायचा, हे कुठे लेखी होतं का? तसं नसेल तर ‘किती एनटीयूला अभियंत्यांना कळवावे याबाबत लेखी सूचना नव्हती’ हे वाक्य त्याच्या बाजूने इतकं बोलतं, की दुसऱ्या वकिलाची गरज पडू नये. उलट, लेखी सूचना असून ती पाळली गेली नसेल, तर तेही तितक्याच साधेपणाने लिहावं लागेल. त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत जोडा.

आणि ‘आणण्यात आली’, ‘वाढविण्यात आली’ हे सोडा. कुणी वाढवली? ‘मी वाढवली’ असं सरकारी कागदात लिहायला संकोच वाटत असेल तर पदनाम लिहा.

तुमच्याच नोंदींवरून परिच्छेद असा होतो:

‘दि. ९ जुलै रोजी सकाळी ६:०० वाजता टेकडीवरील टाकीत शिल्लक क्लोरीन ०.१ मि.ग्रॅ./लि. (किमान ०.२) व फिल्टरनंतरची गढूळता ७.८ एनटीयू (कमाल ५) आढळली. फिल्टरनंतरची गढूळता २:०० वाजता १.६ होती. टेकडीवरील टाकी ३:३० ते ५:१५ या वेळात भरली व पहिली तक्रार ६:१० वाजता आली. त्यावरून पाणी २:०० ते ५:१५ दरम्यान मर्यादेबाहेर गेल्याचे दिसते. नदीच्या पाण्याची गढूळता रात्री १०:०० वाजता ४६, २:०० वाजता ११८ व ६:०० वाजता ६४० एनटीयू होती. दरम्यान वाचन घेतलेले नाही. या काळात तुरटीची मात्रा २५ मि.ग्रॅ./लि. राहिली. ६:३५ च्या जार टेस्टमध्ये ३० ची मात्रा अपुरी व ६० ची पुरेशी आढळली. बेड क्र. ३ चा बॅकवॉश २० तासांपूर्वीचा होता. बेडनिहाय नमुने घेतलेले नसल्याने त्याचा वाटा तपासता आला नाही. कनिष्ठ अभियंता यांनी ६:५० वाजता टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद केला व ७:३० वाजता मात्रा ६० केली. गढूळता ८:०० वाजता ९.२, १०:०० वाजता ४.१ व १२:०० वाजता १.३ होती (नव्या मात्रेचा परिणाम दिसण्यास सुमारे अडीच तास लागतात). ९:०० पर्यंत २३ तक्रारी आल्या, पैकी १७ टेकडीवरील टाकीच्या क्षेत्रातील.’

तुमच्या परिच्छेदापेक्षा हा लांब आहे, हे खरं. वरिष्ठांना एका नजरेत हवं असेल तर पहिली तीन वाक्यं स्वतंत्र सारांश म्हणून वर ठेवा, बाकीचं खाली. ही रात्र किती कठीण गेली, लोकांचे फोन घेताना तुमची काय अवस्था झाली, हे सांगावंसं वाटत असेल तर सोबतच्या पत्रात सांगा. तिथे ‘खूप’ही चालेल.

रुग्णालयात, वीज उपकेंद्रात किंवा कारखान्याच्या पाळीवर असेच अहवाल लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन, की लिहायला बसण्याआधी सगळ्या वह्या एकत्र मांडा: मोजमापाची, कामाची, तक्रारींची. एका वहीतली पोकळी बऱ्याचदा दुसरीत भरलेली असते, आणि ती भरायच्या आधी लिहायला घेतलं की ‘अचानक’ हाताशी येतो.

अहवाल पुन्हा पाठवण्यापूर्वी दोन कागद जोडायला विसरू नका: दुपारच्या पाळीची लॉगशीट आणि आरोग्य विभागाला कळवल्याची वेळ. दुसरा नसेल तर आजच कळवा आणि आजची तारीख लिहा.